दुसऱ्याचा ऱ्या कुठं अडला?

आमच्या सोसायटीच्या कोजागिरीचं निमंत्रण करायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर छोटासाच होता. 'सर्वांनी दुसऱ्या विंगच्या गच्चीवर रात्री नऊला यावे. मसाला दूध मिळेल, पेला घरून आणावा.' ॲपमध्ये चंद्र, गच्ची, दिव्यांची माळ सगळं तयार होतं. मजकूर टाकला, एक झोकदार फॉन्ट लावला आणि 'दुसऱ्या' फुटला: आधी टिंबवाला र, मग पाय मोडल्याची खूण, मग सुटा या.

य आणि ह यांच्या आधी आडवा, वळणदार होऊन बसणारा हा अर्धा र मराठीत रोज लागतो, हिंदीत लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांत तो जोडलेलाच नसतो. मग घाईत कुणी 'दुसर्या' असा रफार देऊन वेळ मारून नेतं. पण आचाऱ्यांना निरोप द्यायचा असेल आणि तो आचार्यांना गेला, तर दूध कोण आटवणार? कधीकधी दोष फॉन्टचा नसून टायपिंगचा असतो. कीबोर्ड हिंदीवर असेल तर तो मराठी करा आणि साध्या र ऐवजी टिंबवाला ऱ घेऊन त्याला य जोडा. तरीही अक्षर फुटलं, तर तो फॉन्ट सोडून द्या.

म्हणून फॉन्ट निवडण्याआधी मी आता एक ओळ टाकून बघतो: 'सर्वांनी दुसऱ्या शाळेत ॲल्युमिनियमचे पातेले ठेवावे.' ओळ वेडगळ आहे, पण रफारावरचा अनुस्वार, ऱ्या, श, ळ, ॲ आणि ल एका दमात तपासले जातात. जुन्या फॉन्टांत ॲ नसतोच, तिथं चौकोन दिसतो किंवा ते एकच अक्षर वेगळ्या वळणाचं येतं.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे फॉन्टच्या नावावर कितीही बोटं मारली तरी अक्षर बदलत नाही. याचा अर्थ त्या फॉन्टात देवनागरी नाही आणि फोन आपलं नेहमीचंच अक्षर दाखवतोय. डीटीपीवाल्या मित्राकडून आणलेल्या जुन्या फॉन्टांचंही हेच होतं. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, आणि फोनवर आपण टाइप करतो ते युनिकोड. दोघांची गाठ पडत नाही.

ल आणि श यांची गोष्ट जरा सूक्ष्म आहे. शाळेत आपण गिरवलेला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श राज्य सरकारने 2009 साली प्रमाण ठरवले. कित्येक फॉन्टांत हे आकार असतातही, पण 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगितल्यावरच ते पुढे येतात. पोस्टरच्या ॲपमध्ये तसं सांगायची सोय सहसा नसते, म्हणून हिंदी वळणाचा ल समोर येतो. यावर सोपा उपाय म्हणजे Tiro Devanagari Marathi. हिंदी आणि संस्कृतसाठी याची वेगळी भावंडं आहेत. यात मराठी आकार मुळातच बसवलेले आहेत. पत्रिकेच्या गंभीर मजकुराला तो शोभतो.

बाकी निवड प्रसंगावर. बारीक मजकुराला Mukta स्वच्छ, बारशाला गुबगुबीत Baloo 2, रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांची आठवण हवी तर Yatra One. गणपतीसाठी Modak आहेच, नावाप्रमाणे भरगच्च. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि छापायलाही मोकळे आहेत. कॅन्व्हात आपला फॉन्ट चढवायला पैसे भरावे लागतात, त्यामुळे तिथं आधी यादीतच शोधावं. पिक्सेललॅबमध्ये मात्र उतरवून घेतलेली .ttf फाइल फुकट जोडता येते.

फॉन्ट चांगला असूनही पोस्टर बिघडतं ते बहुधा एका स्लायडरमुळे. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवतात, तेच मराठीला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ते शून्यावरच ठेवा. उलट दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांना जाड किनार दिलीत तर शिरोरेषेच्या सांध्यांवर रेघा उमटल्यात का, तेही मोठं करून पाहा.

सूचनाफलकावर ए-फोर कागद लावायचा असेल तर 2480 बाय 3508 पिक्सेलचं पान घ्या, किंवा सरळ पीडीएफ काढा. ग्रुपवर आलेलं चित्र छापायला देऊ नका, ते वाटेतच दाबलं गेलेलं असतं.

कोजागिरीचं निमंत्रण शेवटी Baloo 2 मध्ये गेलं, वेळ आणि जागा Mukta मध्ये. तुम्हीही मथळा हवा तेवढा नटवा, पण 'रात्री नऊ, दुसरी विंग' हे Modak मध्ये लिहू नका. आजोबांना वाचता येत नाही.