पावसाळ्यात खानावळ चालू ठेवावी का?

समजा, तारकर्लीत भाड्याच्या जागेत खानावळ आहे. भाडं आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 60,000 रुपये; कुलूप लावलं तरी ते चुकत नाहीत. चालू ठेवली तर किराणा, मासळी, गॅस, पगार असे आणखी 50,000. जूनमध्ये गल्ला 70,000 झाला, तर तोटा 40,000 चा. तरीही चालूच ठेवावी, कारण बंद ठेवली तर 60,000 जातात. जुलैत गल्ला 45,000 वर आला, की तोटा 65,000. मग बंद केलेली बरी.

खरी गोम पगारात असते. हातचा आचारी सुटू नये म्हणून बंद काळातही त्याला 8,000 द्यायचे ठरलं असेल, तर बंद करून वाचतात फक्त 42,000. मग जुलैतही चूल पेटती ठेवणंच परवडतं.