मेंदूतील गाठ : लक्षण सांगते ‘कुठे’, पण ‘कोणती’ नाही

क्रांती चौकातून रोज दुचाकीने जाणारा एखादा माणूस डावीकडून येणाऱ्या वाहनांना वारंवार धडकू लागला, तर घरचे आधी चष्म्याचा नंबर तपासायला सांगतात. साठीतल्या आजोबांना नेहमीचे शब्द सुचेनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणतात. शांत स्वभावाचा माणूस अचानक उद्धट किंवा अगदी उदासीन झाला, तर ताणतणावाला दोष दिला जातो. ही लक्षणे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. तरीही तिन्हींमागे मेंदूतील गाठ असू शकते, कारण मेंदूत कामाची जागावार वाटणी झालेली आहे.

दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असते. उजव्या बाजूच्या केंद्रावर दाब आला, तर दोन्ही डोळ्यांना डावीकडचे अर्धे दृश्य दिसत नाही. बहुतेकांच्या डाव्या मेंदूत भाषेची केंद्रे असतात. तिथे गाठ असेल तर शब्द अडतात. कपाळामागचा भाग स्वभाव आणि निर्णय सांभाळतो. हालचालींच्या पट्ट्यात हाताला आणि तोंडाला मोठी जागा मिळाली आहे, म्हणून तिथल्या गाठीमुळे येणारी फिट अनेकदा अंगठ्याच्या किंवा ओठांच्या थरथरीने सुरू होते. पायाची जागा मात्र दोन अर्धगोलांमधल्या फटीत असते. तिथे गाठ वाढली की आधी एक पाय जड होतो आणि रुग्ण मणक्याचा एक्स-रे काढत फिरतो.

काही लक्षणे मात्र जागेशी बांधलेली नसतात. कवटी बंद पेटीसारखी असल्याने गाठ आणि तिच्याभोवतीची सूज यांना पसरायला वाव नसतो. दाब वाढला की डोके दुखते, विशेषतः सकाळी उठताना, आणि उलटी होते.

गाठ कुठून आली?

लक्षणांवरून जागेचा अंदाज येतो. त्या जागी काय वाढले आहे, हे त्यावरून कळत नाही. गाठी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. प्राथमिक गाठ मेंदूच्या किंवा त्याच्या आवरणांच्या पेशींतूनच तयार होते. आवरणाची गाठ, म्हणजे मेनिन्जिओमा, बहुधा हळू वाढते आणि कर्करोगाची नसते. मेंदूच्या आधारपेशींची गाठ, म्हणजे ग्लायोमा, निरोगी भागात मुळांसारखी शिरते, त्यामुळे ती पूर्ण काढणे अवघड जाते. मेंदूबाहेर मात्र ती क्वचितच पसरते.

दुय्यम गाठ शरीरात इतरत्र असलेल्या कर्करोगातून येते, बहुतेक वेळा फुप्फुस किंवा स्तनाच्या. पेशी रक्तातून वाहत येतात आणि रक्तवाहिन्या निमुळत्या होतात तिथे अडकतात. त्यामुळे अशा गाठी अनेकदा एकाहून अधिक असतात, त्यांची कड बऱ्यापैकी स्पष्ट असते आणि भोवती गाठीच्या मानाने खूप सूज असते. मेंदूत पोहोचला तरी स्तनाचा कर्करोग स्तनाचाच राहतो आणि औषधेही त्याच प्रकारानुसार ठरतात.

समजा, चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ५५ वर्षांच्या बाईंचा चालताना उजवीकडे तोल जातो, उजव्या हाताने चहाचा कप धरताना हात हलतो आणि सकाळी उलटी होते. पित्ताच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. मोठा मेंदू शरीराच्या विरुद्ध बाजूला चालवतो, पण लहान मेंदूचा परिणाम त्याच बाजूला दिसतो. म्हणून डॉक्टरांना उजव्या लहान मेंदूचा संशय येतो आणि एमआरआयमध्ये तिथे एकच गाठ दिसते.

जुना आजारच पसरला, असे इथे वाटणे साहजिक आहे. पण १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशीच एक गाठ असलेल्या, कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या ५४ रुग्णांपैकी सहा जणांची गाठ तपासाअंती वेगळीच निघाली. कुणाची प्राथमिक होती, तर कुणाला जंतुसंसर्ग किंवा दाह होता. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळ्यांची गाठही स्कॅनमध्ये कर्करोगासारखी दिसू शकते. म्हणून छाती-पोटाचा स्कॅन करतात आणि शंका उरल्यास गाठीचा तुकडा तपासतात. त्याआधी सूज उतरवायला दिलेल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत बरे वाटते, पण गाठ तिथेच असते. त्यामुळे पुढचा तपास टाळू नये.

घाटीत किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल सोबत न्यावा. नव्या तुकड्याची जुन्याशी तुलना त्यावरूनच होते. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, शरीराची एक बाजू कमजोर झाली किंवा डोकेदुखी आणि उलट्या वाढतच गेल्या, तर मात्र कागद शोधत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.