शिकवणीचा हिशोब – भाग ४ : फी महिन्याची, शिकणं मिनिटांचं

मागच्या भागात शाळेबाहेरच्या शिकवण्यांची फी महिन्यावर का ठरते ते पाहिलं. आता दोन वर्गांची तुलना करायची आहे. उदाहरण तबल्याचं घेऊ, कारण धाराशिव-तुळजापूरकडे घरोघरी भजन असतं आणि मूल ताल धरू लागलं की पालक तबल्याच्या वर्गाची चौकशी करतात.

हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे माझे घेतो. पहिल्या वर्गात महिन्याला आठ तासिका, प्रत्येक तासिका एक तासाची, मुलं बारा, तबल्याच्या जोड्या चार, फी पाचशे रुपये. दुसऱ्या वर्गात तासिका आठच, पण पाऊण तासाच्या. मुलं तीन, जोड्या तीन, फी बाराशे. पालक पहिल्यांदा भागाकार करतात तो असा : पहिल्या वर्गात तासाला साडेबासष्ट रुपये पडतात, दुसऱ्यात दोनशे. मग पहिला वर्ग ठरतो.

आता मुलाचा हात तबल्यावर किती वेळ असतो ते मोजा. बारा मुलांना चार जोड्या, म्हणजे एका तासात प्रत्येकाला वीस मिनिटं. महिन्यात दोन तास चाळीस मिनिटं. पाचशे रुपये त्यावर वाटले तर वाजवण्याचा तास सुमारे एकशे सत्त्याऐंशी रुपयांना पडला. दुसऱ्या वर्गात वाजवणं महिन्याला सहा तास, तास दोनशेला. फरक जवळपास मिटला. सरांचं लक्ष मोजलं तर चित्र उलटतं. साठ मिनिटं बारा मुलांत वाटली की प्रत्येकाला पाच, महिन्याला चाळीस मिनिटं. मिनिटाला साडेबारा रुपये. दुसरीकडे प्रत्येकाला पंधरा, महिन्याला दोन तास. मिनिटाला दहा रुपये. महाग वाटलेला वर्ग इथे स्वस्त निघाला.

पण थांबलेलं मूल वाया बसलेलं असतं, असं मात्र समजू नका. चांगल्या वर्गात चौघं वाजवतात तेव्हा बाकीची आठ हातावर टाळी-खाली देत बोलांची पढंत करतात. त्रितालाच्या सोळा मात्रा तोंडात पक्क्या बसल्या की हात लवकर येतो. म्हणून एक तासिका बसून बघायची परवानगी मागा आणि थांबलेली मुलं काय करतात तेवढंच पाहा. ती खिडकीबाहेर बघत असतील तर वरचा हिशोब जसाच्या तसा धरा.

जोड्यांची अवस्थाही वेळ खाते. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, पुडी सैल पडते, उतरलेली सूरपट्टी सर हातोडीने गठ्ठे ठोकून चढवतात. तासिका सुरू झाल्यावर चार जोड्या लावायला घेतल्या तर ती मिनिटं सगळ्यांच्याच वाट्यातून जातात. शाईचे तुकडे उडालेला दायाँ कितीही चढवला तरी गुंजत नाही, आणि त्यावर शिकणाऱ्या मुलाला आपला ‘ना’ बरोबर लागला की चुकला, हे कानाने कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे : पहिले सहा महिने पैसे लहान गटावर घालावेत. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली हवी आणि तर्जनी किनारीवर पडायला हवी. ही ठेवण सुरुवातीला चुकली की पुढे मोडून नव्याने बसवावी लागते. ती जवळून बघणारं माणूस हवं. हात बसला की मोठा गट चालतो.

खो-खोला मात्र हे गणित लावू नका. धाराशिव या खेळाचं गाव आहे. 2016च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाची कर्णधार असलेली आणि 2020चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. आठ जण बसलेले, एक धावणारा आणि पळणारे तिघं, म्हणजे बारा जणांशिवाय खरा डाव उभा राहत नाही. चार मुलांच्या ‘खास बॅच’ला जास्त फी देऊन तिथे खांब वळणं किंवा सूर मारणं शिकता येईल, पण साखळीत पळताना कोणता खो कुठून येईल हे वाचणं शिकता येणार नाही. साहित्य म्हणाल तर दोन खांब आणि आखलेलं मैदान पुरतं. तिथे फीचा मोबदला मिळतो तो प्रशिक्षकाच्या नजरेचा. एका मैदानावर चाळीस मुलं असतील तर डावाबाहेरच्या अठ्ठावीस जणांकडे कोण बघतं, हे विचारा. मदतनीस असेल तर फी योग्य.

अनुभवाचं मोल कागदावरून अर्धंच कळतं. तबल्यात विशारद झालेला माणूस अभ्यासक्रम जाणतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आणि तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग यांत मोठं अंतर आहे, म्हणून नुसतं ‘एनआयएस’ ऐकून थांबू नका, कोर्स कोणता ते विचारा. उरलेलं अर्धं जुन्या विद्यार्थ्यांकडून कळतं. तिसऱ्या वर्षाला किती जण टिकले आहेत, हा प्रश्न सरांना थेट विचारावा. परीक्षेची फी आणि फॉर्म वेगळे असतात का, आणि नवरात्र-दिवाळीत बुडालेल्या तासिका भरून देतात का, हेही त्याच वेळी. आठऐवजी पाचच तासिका झाल्या तर पहिल्या वर्गातलं साडेबारा रुपयांचं मिनिट त्या महिन्यात वीस रुपयांना पडतं. म्हणून वर्षाची फी एकदम भरण्यावर सवलत मिळत असली, तरी पहिले दोन महिने महिन्याचीच भरा.