हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि बहुधा तिथेच थांबते. पण कारणाचा माग त्याखालच्या ओळींत असतो. जिना चढताना दम लागतो म्हणून तपासणी करून घेतलेल्या चौतीस वर्षांच्या बाईंचा रिपोर्ट समोर आहे असं समजा.

हिमोग्लोबिन ९.२. प्राणवायू वाहून नेणाऱ्या या द्रव्याचं प्रमाण गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये निदान १२ हवं. म्हणजे रक्त कमी आहे. का कमी आहे, ते ही ओळ सांगत नाही.

आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, ४४ लाख. ती फारशी कमी नाही. मग हिमोग्लोबिन गेलं कुठे? उत्तर एमसीव्हीत आहे. हे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते साधारण ८० ते १०० असावं, इथे ६८ आहे. पेशी पुरेशा आहेत, पण लहान. एमसीएच म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन. २७च्या आसपास हवं तिथे २१. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, तोही त्यामुळेच ३० टक्क्यांवर आला आहे.

पेशी लहान होण्याची आपल्याकडची दोन मोठी कारणं: लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया मायनर. इथे आरडीडब्ल्यू कामी येतो. पेशींच्या आकारात किती फरक आहे, हे तो सांगतो. लोह हळूहळू आटत जातं तशा नव्या पेशी जुन्यांपेक्षा लहान निघतात, म्हणून तो वाढतो, इथे १८.५ आहे, साडेचौदापर्यंत ठीक. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी जन्मतःच सारख्या लहान असतात, त्यामुळे तो बहुधा फारसा वाढत नाही.

एक सोपा भागाकारही आहे. एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या आरबीसीने भागा: ६८ भागिले ४.४, म्हणजे सुमारे १५.५. उत्तर १३च्या वर असेल तर लोहाच्या कमतरतेकडे बोट जातं, खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरकडे. हा अंदाज आहे, निदान नव्हे. दोन्ही एकाच व्यक्तीत असले तर तो फसतो.

पांढऱ्या पेशी ७,२००, ठीक. त्यांतल्या लिम्फोसाइट ४५ टक्के म्हणून ‘जास्त’ असा शेरा आहे. पण ७,२००चे ४५ टक्के म्हणजे ३,२४०, आणि ही संख्या नेहमीच्या मर्यादेतली आहे. टक्का बघून घाबरू नये, प्रत्यक्ष संख्या काढावी.

प्लेटलेट ४.६ लाख, किंचित जास्त. लोह कमी असताना त्या वाढलेल्या दिसतात. उलट, काही लक्षण नसताना त्या अचानक फार कमी आल्या, तर नळीत त्यांचे पुंजके झाले असतील आणि यंत्राने ते मोजलेच नसतील. अशा वेळी काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावं.

या बाईंनी दुकानातून टॉनिक आणण्याआधी डॉक्टरांना विचारून फेरिटिन तपासावं. ते कमी निघालं तर लोह नेमकं कुठून जातंय, पाळीतल्या जास्त रक्तस्रावातून की पोटातून, याचा शोध घ्यायलाच हवा. तो न घेता नुसत्या गोळ्या खाल्ल्या, तर हिमोग्लोबिन चढेल आणि गोळ्या थांबल्यावर पुन्हा उतरेल.