सभेचा कागद

आम्ही काही वर्षे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस होतो. त्या काळात आमच्याच हातून लिहिली गेलेली एक सभासूचना आजही आमच्या स्मरणातून जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ७ क्रमांकाच्या सदनिकेत स्नानगृहाच्या छतातून पाणी ठिबकत होते. आम्ही फलकावर लावलेल्या सूचनेत विषय लिहिला तो असा: ‘तिसऱ्या मजल्यावरील सभासदाच्या निष्काळजीपणामुळे होणाऱ्या गळतीबाबत विचार करणे.’ लिहिताना त्यात काही गैर आहे असे आम्हांला वाटले नाही. पाणी वरून खाली येते, तेव्हा वरचा जबाबदार, हा हिशेब सरळच होता.

सभेत वरच्या ११ क्रमांकाच्या सदनिकेतले गृहस्थ उठून म्हणाले, “आम्ही ४ दिवस गावाला गेलो होतो. घराला कुलूप होते, नळ बंद होते. तरी खाली ठिबकतच होते. मग पाणी आमचे कसे?” कोणीतरी आवाज चढवला, ते गृहस्थ उठून निघून गेले, आणि आम्ही इतिवृत्तात लिहिले: ‘संबंधित सभासदांनी जबाबदारी झटकली. गळतीची दुरुस्ती तातडीने करण्यात यावी असे ठरले.’

तीन महिने कोणीच दुरुस्ती केली नाही. शेवटी एका जाणत्या नळ-कारागिराने भिंत फोडली, तेव्हा चौथ्या मजल्यावरून खाली येणाऱ्या सामाईक सांडपाण्याच्या नळाचा सांधा सुटलेला निघाला. काम संस्थेचे होते, दोष कोणाच्याच घरचा नव्हता. ११ क्रमांकाचे गृहस्थ मात्र त्यानंतर कोणत्याही सभेला आले नाहीत.

या प्रकरणात आमचे काय चुकले, याचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. शब्द कठोर होते ही त्यांतली लहान चूक. मोठी चूक अशी की सूचनेने तपासणीच्या आधीच कारण ठरवून टाकले, आणि इतिवृत्ताने त्या दिवशीची सर्वांत उपयोगी माहिती गाळली. घर ४ दिवस बंद असतानाही पाणी थांबले नाही, या एका वाक्यातच सामाईक नळाचा माग होता. ‘जबाबदारी झटकली’ या शब्दांनी तो पुसला. दोषारोपाचा शब्द माणसाला दुखावतो हे खरेच. पण तो लिहिणाऱ्यालाही आंधळा करतो.

आता इतिवृत्तातले दुसरे वाक्य पाहा. ‘दुरुस्ती तातडीने करण्यात यावी.’ कोणी करावी? कोणत्या तारखेपर्यंत? कोणाच्या पैशाने? आपल्या मराठीत ‘करण्यात यावे’, ‘पाहण्यात यावे’ ही रचना कागदोपत्री फार चालते, कारण तिच्यात कर्ता लपतो आणि कोणाचे मन दुखत नाही. पण कर्ता लपला की कामही लपते. आम्ही नेमके उलटे केले होते. झालेल्या गोष्टीसाठी कर्ता शोधून काढला आणि करायच्या गोष्टीसाठी तो गाळून टाकला.

यावरून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला. झालेल्या गोष्टीबद्दल लिहिताना ‘आढळले’, ‘दिसले’, ‘कळवले’ अशी क्रियापदे घ्यावी आणि वस्तू, जागा व तारीख सांगावी. पुढे करायच्या गोष्टीबद्दल लिहिताना मात्र कर्ता उघड नावानिशी किंवा पदानिशी लिहावा. ‘वारंवार’ हा शब्द खोडून त्या जागी तारखा लिहाव्या. ‘दुर्लक्ष केले’ याऐवजी ‘ता. ३ चे पत्र दिले, ता. २० पर्यंत उत्तर आले नाही’ असे लिहावे; ज्याला जे समजायचे ते तो समजतो. ‘काही सभासद’ आणि ‘संबंधितांनी’ हे दोन शब्द वरवर सौम्य दिसतात, पण ते फसवे आहेत. नाव न घेता दोष दिला की सारा जिना एकमेकांकडे संशयाने पाहू लागतो.

या नियमाने तीच सूचना अशी झाली असती: ‘सदनिका क्र. ७ च्या स्नानगृहाच्या छताला आढळलेल्या ओलीच्या कारणाची तपासणी करणे व तिच्या खर्चास रु. ३,००० पर्यंत मंजुरी देणे याविषयी निर्णय घेणे.’ नुसते ‘विचार करणे’ लिहिले की सभासदाला वाटते, आज फक्त बोलणे आहे, आणि तो घरी राहतो. निर्णय व्हायचा असेल तर तसे लिहावे, आणि पैसे लागणार असतील तर आकडा लिहावा. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवसांची व विशेष सभेला पूर्ण ५ दिवसांची सूचना द्यावी लागते. सभासदाला विचार करून येता यावे म्हणून हा अवधी असतो, आणि विषयच धूसर असला तर तो वाया जातो.

आणि ठराव असा झाला असता: ‘सदनिका क्र. ७ च्या सभासदांनी ता. २ फेब्रुवारीपासून छतातून पाणी ठिबकत असल्याचे सांगितले. सदनिका क्र. ११ च्या सभासदांनी ता. १० ते १३ या काळात आपले घर व नळ बंद होते, तरी ठिबकणे चालू होते, असे सांगितले. कारण निश्चित झालेले नाही. चिटणीस ता. २८ पर्यंत नळ-कारागिराकडून तपासणी करून घेतील, खर्च रु. ३,००० पर्यंत संस्था करील. दोन्ही सदनिकांचे सभासद ठरल्या दिवशी घर उघडे ठेवतील. दोष सामाईक नळात निघाल्यास दुरुस्ती संस्था करील. सदनिकेच्या आतल्या नळात, मोरीत वा शौचकुपात निघाल्यास त्या सदनिकेचे सभासद ३० दिवसांत स्वखर्चाने करतील. बाजूने १४, विरुद्ध २, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर.’

यात कोणाला दोष नाही, पण कोणाची सुटकाही नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे आहे. ते ‘सांगितले’ म्हणून आहे, ‘सिद्ध झाले’ म्हणून नाही. शेवटच्या ओळीतले आकडेही महत्त्वाचे आहेत. दोघांनी विरुद्ध मत दिले असता ‘सर्वानुमते’ लिहिणे ही सौजन्याची भाषा नव्हे. ती त्या दोघांचे मत पुसणे होय.

या पद्धतीला मर्यादा आहेत. थकलेल्या वर्गणीचा विषय असला तर सदनिका क्रमांक आणि रक्कम लिहावीच लागते. तेथे ‘ता. ३१ मार्चअखेर सदनिका क्र. ५ कडून येणे रु. १८,४००’ एवढे पुरे. ‘सतत थकवणारे’ हे विशेषण हिशेबात बसत नाही. सभेत कोणी कोणाला काय बोलले हेही इतिवृत्तात नको; मात्र आपला आक्षेप नोंदवावा असे कोणी म्हटले तर तो त्याच्याच शब्दांत, थोडक्यात नोंदवावा. हा कागद उद्या निबंधकांपुढे किंवा सहकार न्यायालयापुढे जाऊ शकतो, आणि तेथे चिटणिसाचा राग पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही.

पुढे आम्ही प्रत्येक इतिवृत्ताचा मसुदा दोघांना वाचायला देऊ लागलो. एक, सभेला न आलेला सभासद: कोणी, काय, कधीपर्यंत आणि कोणाच्या खर्चाने, हे त्याला न विचारता कळले पाहिजे. दुसरा, ज्याच्या घराचा उल्लेख त्यात आहे तो: ठराव त्याच्या विरुद्ध असला तरी ‘झाले ते असेच झाले’ एवढे त्याला म्हणता आले पाहिजे. ११ क्रमांकाच्या गृहस्थांना त्या दिवशीचा मसुदा आम्ही आधी दाखवला असता, तर त्यांनी ‘झटकली’ या शब्दावर बोट ठेवून त्या ४ दिवसांची आठवण पुन्हा करून दिली असती, आणि भिंत तीन महिने आधी फोडली गेली असती.