वाचा जाते म्हणजे नेमकं काय जातं?

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस बोलेनासा झाला की घरचे म्हणतात, वाचा गेली. पण जीभ हलते, घशातून आवाज निघतो, कानाला ऐकू येतं आणि तरीही भाषा बिघडलेली असते, अशी एक अवस्था आहे. तिला वाचाघात म्हणतात. रुग्णाच्या खाटेशी आलेला तज्ज्ञ तिथल्या तिथे तीन गोष्टी पाहतो. बोलणं सलग आहे की अडखळत? ऐकलेलं कळतं का? आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवता येतं का? या तिन्हींची उत्तरं एकमेकांपासून वेगळी निघू शकतात. जखम मेंदूत साधारण कुठे असेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधला जातो.

यातली पहिली फारकत जगापुढे आली ती पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. लबोर्न्य नावाचा रुग्ण तिथे 21 वर्षं राहिला होता. काहीही विचारलं तरी तो 'तां, तां' एवढंच म्हणे, म्हणून सगळे त्याला तां याच नावाने ओळखत. एप्रिल 1861मध्ये त्याच्या उजव्या पायात जंतुसंसर्ग पसरला आणि तो शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे आला. ब्रोकांनी विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखलं आणि संतापून एक स्पष्ट शिवी हासडली. एरवी न येणारे शब्द रागाच्या भरात बाहेर पडले होते. वाचाघातात हे पुष्कळदा दिसतं. शिव्या, अंक, वारांची नावं, पाठ असलेली प्रार्थना या गोष्टी शाबूत राहतात आणि ठरवून करायचं वाक्य तेवढं अडतं.

17 एप्रिलला तां वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेत मांडला. डाव्या कपाळामागच्या भागात, खालच्या वळीच्या मागच्या अंगाला, खड्डा पडला होता. पुढे असेच आणखी रुग्ण पाहिल्यावर 1865मध्ये त्यांनी सांगितलं की बोलण्याचं काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे असतं. त्या वळीला आजही ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात.

ब्रोकांनी तो मेंदू कापला मात्र नाही, जपून ठेवला. त्याचा फायदा जवळजवळ दीडशे वर्षांनी झाला. 2007मध्ये नीना ड्रोंकर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचं एमआरआय केलं. जखम पृष्ठभागावरच्या त्या वळीपुरती नव्हती. ती खूप खोल गेली होती आणि मेंदूचा पुढचा भाग मागच्या भागाशी जोडणारे तंतूही तिने तोडले होते. हे निरीक्षण दवाखान्यातल्या अनुभवाशी जुळतं. फक्त ब्रोकाच्या क्षेत्राला इजा झालेला रुग्ण सुरुवातीला मुका झाला तरी बहुधा काही आठवड्यांत पुष्कळ सुधारतो. बोलणं कायमचं तुटक राहायला जखम मोठी आणि खोल असावी लागते.

दुसरी फारकत याच्या उलट आहे. 1874मध्ये ब्रेस्लाऊ इथल्या 26 वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी एक पुस्तिका लिहिली. त्यांच्या रुग्णांना बोलण्याची अडचण नव्हती. ते भरभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि समोरच्याचं बोलणं त्यांना कळत नसे. जखम होती डाव्या कानामागच्या बाजूला, वरच्या वळीच्या मागच्या भागात. दोन्ही प्रकार मराठीत कसे ऐकू येतील ते पाहू. दवाखान्यात कसे आलात, या प्रश्नावर पहिल्या प्रकारचा रुग्ण कष्टाने म्हणेल, "काल... मुलगा... रिक्षा... दवाखाना." दुसरा सहज म्हणेल, "हो ना, ते आम्ही त्या पळणीला घातलं होतं, मग ते तिकडून करून टाकलं की बरं पडतं." विभक्ती, क्रियापद, हेल सगळं जागेवर आहे. 'पळणी' म्हणजे काय हे मात्र कुणालाच ठाऊक नाही. आपण चुकीचं बोलतोय हे त्याला बहुधा उमगतही नाही.

डॉक्टरकडे पोचायला उशीर होतो तो या दुसऱ्या प्रकारात, आणि त्याचं कारण रक्तवाहिन्यांत आहे. मेंदूच्या बाजूच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीला दोन मुख्य फांद्या फुटतात. वरची फांदी बंद झाली की ब्रोकाच्या क्षेत्राबरोबर शेजारची हालचालीची पट्टीही उपाशी राहते. उजवा हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं आणि घरचे धावत रुग्णालय गाठतात. खालची फांदी बंद झाली तर हात-पाय धड राहतात आणि फक्त बोलणं असंबद्ध होतं. मग 'डोक्यावर परिणाम झाला', 'म्हातारपणाचा विसर' असे अर्थ लावले जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तो वेळ या गैरसमजात निघून जातो. चालता-फिरता माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर तो पक्षाघातच असू शकतो.

तिसरी तपासणी, म्हणजे परत म्हणायला सांगणं, वरवर पोरकट वाटते. पण वेर्निकेंनी कागदावरच ताडलं होतं की कळण्याची आणि बोलण्याची जागा दोन्ही शाबूत राहून मधला दुवा तुटला, तर एक वेगळाच प्रकार दिसायला हवा. तसे रुग्ण पुढे सापडले. त्यांना कळतं, सलग बोलताही येतं, पण 'बटाटा' म्हणा सांगितलं की "टबाटा... बटाका... नाही, बटा..." अशी धडपड सुरू होते. चूक त्यांना ऐकू येते आणि ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करू पाहतात. याच्या उलटही घडतं. 1968मध्ये नॉर्मन गेश्विंड आणि सहकाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. भाषेच्या जागा तिच्या मेंदूत बऱ्याच शाबूत होत्या, पण भोवतालच्या भागापासून तुटल्या होत्या. तिला काही कळत असल्याची खूण नव्हती, आपणहून ती काही सांगत नसे. मात्र ऐकलेली वाक्यं ती परत म्हणे, आणि आजारपणानंतर नवी गाणीसुद्धा शिकली.

आता पहिल्या प्रकारातली एक मेख. तुटक बोलणाऱ्या रुग्णाबद्दल घरचे खात्रीने सांगतात, "त्याला सगळं कळतं." पुष्कळसं कळतंही. पण "सिंहाला वाघाने मारलं, मेलं कोण?" असं विचारलं की गोंधळ उडतो. दोन्ही प्राणी एकमेकांना मारू शकतात, त्यामुळे उत्तर फक्त 'ला' आणि 'ने' यांतून मिळतं. "आंबा मुलाने खाल्ला" हे वाक्य त्याला कळतं, कारण आंबा कुणाला खात नाही. म्हणजे व्याकरण बोलताना निसटतं, तसं ऐकतानाही निसटतं. रुग्ण एरवी प्रसंगावरून आणि शब्दांवरून अंदाज बांधत असतो, तो बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि घरच्यांना ही उणीव दिसत नाही.

म्हणून नुसतं 'हो' आलं की कळलं, असं धरू नये. वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल वरचेवर होते. चहा हवा का, असं कप पुढे करून विचारलं तर उत्तर कपाने दिलेलं असतं. नजर आणि हात स्थिर ठेवून "खिडकी दाखवा" म्हणावं आणि बोट कुठे जातं ते पाहावं. मग "दार दाखवून मग खिडकी दाखवा" असं दोन पायऱ्यांचं सांगावं. महत्त्वाचा प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा. आधी "गोळी घेतली का?" आणि थोड्या वेळाने "गोळी घ्यायची राहिली का?" दोन्हींना 'हो' आलं, तर गोळ्यांचं पाकीट स्वतः मोजून पाहावं.