झोपेत दात खाणं आणि नाईट गार्डची निवड

सकाळी उठल्यावर कानापुढे दुखतं, न्याहारीचा पहिला घास चावताना जबडा जड वाटतो आणि दुपारपर्यंत सगळं आपोआप ओसरतं. हे दुखणं बऱ्याचदा कानाचं नसतं, ‘मॅसेटर’ या चावण्याच्या स्नायूचं असतं. गालाच्या मागच्या भागावर बोटं ठेवून दात आवळा, टणक फुगवटा लागेल. रात्री दात खाणाऱ्याचा हा स्नायू झोपेतही राबत असतो, म्हणून तो सकाळी दुखतो. दुखणं सकाळी नसून संध्याकाळी वाढत असेल, तर दिवसा कामाच्या नादात दात आवळले जात असण्याची शक्यता जास्त. त्यावर रात्रीचं गार्ड फारसं उपयोगी नाही.

झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंद अर्धवट जागा होतो. नाडी जलद होते आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयीत आवळू लागतात. हे बहुतेक हलक्या झोपेत घडतं. दारू, सिगारेट, रात्रीची कॉफी आणि नैराश्य किंवा चिंतेवरच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. लहान मूल दात खाऊ लागलं की घरात जंताचं औषध निघतं, पण जंतांशी याचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात सुटते.

असं समजा, चाळिशीतल्या एका बाईंना चिंतेसाठी सर्ट्रालिन सुरू झालं आणि काही आठवड्यांनी सकाळी जबडा दुखू लागला. डेंटिस्टला दिसतं की सुळ्यांची टोकं सपाट झाली आहेत आणि दाढेतल्या जुन्या फिलिंगला चीर गेली आहे. तोंडात तीन बोटं उभी मावतात, म्हणजे सांधा अडकलेला नाही. बाईंनी तोवर औषधाच्या दुकानातलं काही शे रुपयांचं गार्ड आणलेलं असतं. ते गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचं. दात झिजण्यापासून ते थोडे दिवस वाचवतं, पण जाड आणि लवचीक असल्याने कित्येक जण ते झोपेत चघळत राहतात. बाईंचंही तेच झालं. दोन-तीन महिन्यांत गार्डला भोकं पडली आणि सकाळचा जडपणा उलट वाढला.

यात नवल नाही. अमेरिकेतले दंतवैद्य जेफ्री ओकेसन यांनी 1987 साली दहा जणांना आळीपाळीने कडक आणि मऊ गार्ड देऊन रात्रीची स्नायूंची हालचाल मोजली. कडक गार्डने दहापैकी आठ जणांची हालचाल कमी झाली, तर मऊ गार्डने पाच जणांची चक्क वाढली. अभ्यास लहान आहे, त्यामुळे मऊ गार्ड प्रत्येकाला अपायच करतं असं म्हणता येत नाही. पण जोरात दात खाणाऱ्याने स्वस्त म्हणून ते घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

बाईंसाठी मग कडक अ‍ॅक्रिलिकचं गार्ड होतं. डेंटिस्ट दातांचं माप घेतो आणि त्यावरून लॅबमध्ये सगळे वरचे दात झाकणारी पट्टी तयार होते. खरं काम पुढे, ती तोंडात बसवताना असतं. रंगीत कागद चावायला देऊन ठसे पाहायचे आणि उंच जागा घासायच्या, दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकेपर्यंत. एक बाजू उंच राहिली तर त्याच बाजूचा स्नायू दुखायला लागतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणीला बोलावणारा डेंटिस्ट निवडावा. मापाचं गार्ड महाग पडतं, ते या कौशल्यामुळे, आणि नीट सांभाळलं तर काही वर्षं टिकतं. रोज थंड पाण्याने ब्रश करायचं. गरम पाण्याने ते वाकतं.

बाईंचं दुखणं कमी होतं, तरी गार्डवर चकचकीत घासल्याच्या खुणा उमटत राहतात. म्हणजे दात खाणं थांबलेलं नाही. दातांऐवजी आता प्लास्टिक झिजतंय. गार्डकडून इतकीच अपेक्षा धरावी. गोळीचं काय करायचं ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, मनाने बंद करायची नाही.

फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी गार्डंही मिळतात. त्यांत दाढा अधांतरी राहतात. ती बराच काळ वापरली तर दाढा हळूहळू उंच येऊन पुढचे दात मिटेनासे होऊ शकतात. शिवाय एवढी लहान वस्तू झोपेत घशात जाण्याचा धोका असतो. कोणतंही गार्ड काढल्यावर चावणी थोड्या वेळात पूर्ववत झाली नाही, तर ते वापरणं थांबवून डेंटिस्टला दाखवावं.

आणि घरच्यांना एक विचारून घ्या: तुम्ही मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास थांबतो का? स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या काही जणांचा श्वासाचा त्रास वरच्या दातांच्या गार्डने वाढल्याचं आढळलं आहे. तिथे आधी झोपेची तपासणी करावी. दात आणि श्वास दोन्हींसाठी खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं उपकरण त्यानंतर सुचवलं जाऊ शकतं.